ठिपक्यांवरचा विश्वास

बनावट ब्लेड छपाईवरून ओळखता येतं, असं मी बरीच वर्षं ठामपणे मानत आलो. माझा ऑफसेट छपाईचा व्यवसाय आहे. लेबलं, खोकी, पाकिटं हे रोजचं काम, आणि रंगाचे ठिपके तपासायचं दहापट भिंग कायम खिशात. नजर तयार होती, हे खरंच. पण त्या नजरेतून मी माणसांनाही तपासू लागलो. ज्याची छपाई नेटकी तो माल खरा. ज्याचं रजिस्टर हललेलं तो माल खोटा, आणि विकणाराही खोटा, असं माझं सरळ गणित झालं.

या गणिताचा फटका बसला तो आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्याला. दाढीसाठी त्याने नवं ब्लेड काढलं, तेव्हा रॅपरवर पिवळा रंग काळ्या अक्षरांच्या बाहेर सांडलेला मला दिसला. मी चारचौघांत म्हटलं, "हे नकली आहे." तो म्हणाला, "काका, मोडताना कळतं मला. हे चांगलं आहे." मी ऐकून घेतलं नाही. नंतर इतरांनाही सांगत राहिलो की तिथे जपून जा. दिवसभर हातात ब्लेड धरणाऱ्या माणसापेक्षा ब्लेडचा कागद बघणारा मी स्वतःला जाणकार समजत होतो. तो उद्दामपणा होता; दुसरा शब्द मला सापडत नाही.

छपाईतून काहीच कळत नाही असं नाही. मूळ रॅपरवरची बारीक अक्षरं सहसा एकाच रंगात, सलग छापलेली असतात. कुणी खरं रॅपर स्कॅन करून छापलं, तर तीच अक्षरं चार रंगांच्या ठिपक्यांत फुटतात आणि भिंगाखाली त्यांच्या कडा दातेरी दिसतात. ही खूण पक्की आहे. पण ती फक्त आळशी नकलेला पकडते. नक्षी आणि अक्षरं संगणकावर नव्याने रेखली, की अक्षरं पुन्हा सलग येतात. उलट, खऱ्या ब्लेडचा कागद पातळ आणि मेणचट असतो, रिळावर वेगाने छापला जाताना ताणला जातो, आणि रंग थोडा सरकतो. शिवाय एकाच नावाची ब्लेडं वेगवेगळ्या देशांत तयार होतात. 'सेव्हन ओ'क्लॉक' भारतातही बनलं आणि रशियातल्या सेंट पीटर्सबर्गलाही; दोन्हींची वेष्टनं वेगळी. रजिस्टर हलण्याचं कारण मला माहीत होतं. माझ्याच मशीनवर तसं झालं की मी कागदाला दोष द्यायचो. त्याच्या रॅपरवर दिसलं तेव्हा मात्र मी माणसाला दोष दिला.

माझ्या गणिताला तडा गेला तो असा. एका चकचकीत दुकानातून मी त्याच नावाचं पाकीट घेतलं. छपाई निर्दोष. छापील किंमत, उत्पादनाचा महिना, पत्ता, ग्राहक सेवेचा क्रमांक, सगळं जागच्या जागी. पहिल्याच दाढीला ब्लेड ओढायला लागलं, गालावर आग झाली. मी त्वचेला दोष दिला, साबण बदलला. पुढचं ब्लेडही तसंच निघालं, तेव्हा सलूनवाल्याकडून त्याचं एक न वापरलेलं ब्लेड मागून आणलं. त्याने कारण न विचारता दिलं.

छापखान्यात दोन्ही पाती शेजारी ठेवली आणि भिंग पहिल्यांदाच कागदावरून पोलादावर नेलं. चांगल्या ब्लेडचं पोलाद साधारण तेरा टक्के क्रोमियमचं असतं; धार घासल्यावर तिच्यावर कठीण धातूचा सूक्ष्म थर चढवतात, आणि त्यावर नॉनस्टिक तव्यावर असतं त्याच जातीचं टेफ्लॉन फवारून भाजतात. हा थर मायक्रॉनच्याही आतला, डोळ्यांना दिसत नाही. पण पाण्याला तो जाणवतो. मशीनसाठी असलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने मी दोन्ही धारा जपून पुसल्या, कारण कारखान्यातलं तेल राहिलं तर तेही पाणी झटकतं आणि फसगत होते. टेफ्लॉन अल्कोहोलने निघत नाही. मग धारा पाण्यात बुडवून वर काढल्या. सलूनच्या ब्लेडवर पाणी धारेपासून मागे सरून थेंबांत गोळा झालं. माझ्या ब्लेडवर ते धारेला चिकटून सलग पसरलं. भिंगाखालीही फरक होता: त्याच्या धारेची घासलेली पट्टी टोकापासून टोकापर्यंत सारख्या रुंदीची, माझी कुठे रुंद, कुठे अरुंद.

शेवटी दोन्ही ब्लेडं कागदात धरून मधोमध मोडली, उस्तऱ्यासाठी न्हावी मोडतात तशी. त्याचं कट्कन सरळ तुटलं. माझं आधी वाकलं, मग वेडंवाकडं फाटलं. "मोडताना कळतं" म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. नीट कडक केलेलं पोलाद वाकत नाही, तुटतं. लोहचुंबकाने हा फरक दिसला नसता. ते दोन्ही पात्यांना चिकटतं.

ती तुटलेली पाती समोर ठेवून मी बराच वेळ बसलो. सलूनवाल्यावर अन्याय झाला हे उघडच होतं. जास्त टोचलं ते वेगळंच. माझ्या खोट्या ब्लेडचं रॅपर इतकं सुरेख होतं, म्हणजे ते कुणीतरी चांगल्या मुद्रकाने छापलं होतं. धार घडवायला पोलाद, भट्टी, थर देणारी यंत्रं लागतात. कागद छापायला माझ्यासारखा माणूस पुरतो. नकलेतली सगळ्यात स्वस्त गोष्ट मी खरेपणाचा पुरावा मानत होतो. लेबलाचं काम घेताना हे नाव छापायचा तुम्हाला हक्क आहे का, असं मीही कधी गिऱ्हाइकाला विचारलेलं नव्हतं.

पाण्याच्या चाचणीलाही मर्यादा आहेत, आणि छपाईनंतर आता तिच्यावर आंधळा विश्वास ठेवायचा नाही. पात्याच्या अगदी टोकावरचा थर पहिल्या दाढीतच बराच निघतो, म्हणून ब्लेड कोरंच हवं. खरं पण स्वस्त ब्लेड थराविना असू शकतं आणि नकलेवर थर असू शकतो. कार्ट्रिजमध्ये तर अनेक खुणा एकत्र बघाव्या लागतात: पाती समान अंतरावर आहेत का, स्प्रिंगवर बसवलेली असतील तर दाबल्यावर परत वर येतात का, कडेला फाजील प्लास्टिक राहिलं आहे का. हँडलवरच्या अक्षरांचंही तसंच. खऱ्या हँडलवरून साचा काढून ओतलेल्या नकलेत अक्षरांच्या कडा बोथट होतात. पण नवा साचा कोरला तर तीही खूण जाते. दोन-तीन खुणा एकाच बाजूला झुकल्या तरच मी आता शंका बोलून दाखवतो, आणि तीही मालाबद्दल.

सलूनवाल्याची माफी मागितली, ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यासमोर. तो म्हणाला, "काका, तेव्हाच विचारायचं होतं, मोडून दाखवलं असतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता कुठल्याही नाममुद्रेचं लेबल छापायला आलं की मी मालकाचं अधिकारपत्र मागतो. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात नकली चिन्हासाठी प्लेट बनवणाऱ्याला किंवा तशी प्लेट बाळगणाऱ्यालाही सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. ते मला आधीही ठाऊक होतं. पण मी विचारतो ते कायद्याच्या भीतीने नाही. माझं अक्षर लोक खरं मानतात, जसं मी त्या पाकिटाचं मानलं. काही कामं त्यामुळे परत जातात. ती जाऊ देतो.