ओघळलेल्या ज्योती

आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे साडेचारशे फोटो चाळून झाले आणि गाडी अल्बमच्या मुखपृष्ठावर येऊन अडली.

एक होता फोटोग्राफरचा ग्रुप फोटो. एकोणीस माणसं, सगळ्यांचे डोळे उघडे, आजीच्या नऊवारीची जर बोटाला लागेल इतकी स्वच्छ. फक्त त्यात कुणी कुणाकडे बघत नव्हतं. दुसरा भाच्याने मोबाइलवर काढलेला. दिवे मालवलेले, आजी एक्क्याऐंशी ज्योतींचं तबक घेऊन ओवाळतेय आणि आजोबा तिच्याकडे असे बघतायत, की जणू खोलीत दुसरं कुणी नाहीच.

स्टुडिओवाल्याने मान हलवली. "हा कव्हरला फुटेल."

त्याचं खरं होतं. व्हॉट्सॲपवरून आलेला तो फोटो जेमतेम १६०० बाय १२०० पिक्सेलचा. बारा इंची चौरस कव्हरवर इंचाला शंभरच पिक्सेल पडणार, आणि छपाईला तीनशे असले तर बरं. भाच्याकडून मूळ फाइल मागवली. ती ४००० बाय ३००० ची निघाली, म्हणजे इंचाला अडीचशे. फुटण्याची भीती गेली, पण ज्योती ओघळलेल्याच राहिल्या. अंधारात मोबाइलने शटर १/१५ सेकंद उघडं ठेवलं होतं, तेवढ्यात तबक फिरलं होतं.

मग फोटो पूर्ण मोठा करून आजोबांच्या डोळ्यांवर नेला. पापणीचा केस न् केस सुटा दिसत होता. हललं होतं ते फक्त हलणारं.

खरं तर सगळ्यांच्या मनात तिसराच फोटो होता, आत्या डोळे पुसतानाचा. त्यात फोकस मागच्या कॅलेंडरवर गेलेला. तारखा ठळक, आत्या धुक्यात. ही चूक कुठल्याही दुरुस्तीने निघत नाही. तरी आमचा जीव त्यातच अडकलेला. शेवटी तो शेजारच्या काकूंना दाखवला. त्या समारंभाला नव्हत्या. त्या म्हणाल्या, "कोण आहे ही? शिंकतेय का?" तेव्हा कळलं, ते रडणं फोटोत नव्हतंच, आमच्या आठवणीत होतं. ओवाळणीचा फोटो पुढे केला, तर काकू काही न बोलता बघतच राहिल्या.

तरी बारा इंचांचा हट्ट आम्ही सोडला. गडद कापडी कव्हरच्या मधोमध पाच इंची चौकट कापून घेतली, त्यात मॅट कागदावरचा प्रिंट. चकचकीत कागदावर अंधारातले रंगीत दाणे वर येत होते, मॅटवर ते निवले. ग्रुप फोटो पहिल्या पानावर गेला. कोण कोण आलं होतं हे सांगायला त्याच्यासारखा दुसरा नाही.

अल्बम घरी आला तेव्हा आजीने चष्मा लावून त्या ओघळलेल्या ज्योतींवरून बोट फिरवलं.

"ओवाळताना हात थरथरत होता माझा," ती म्हणाली. "यात आलाय बघ."