काकूंचा फोन उर्दू झाला त्याची गोष्ट

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकू संध्याकाळी दारात आल्या. हातात फोन, चेहरा उतरलेला. "अरे, फोन हॅक झालाय. बघ काय लिहून येतंय." पाहिलं तर सगळा फोन उर्दूत. घड्याळ, मेनू, व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा. तिसरीतला नातू दुपारी खेळत होता, त्याचा हा पराक्रम. पण हे कळायच्या आधी काकू दोन ठिकाणी जाऊन आल्या होत्या. कट्ट्यावरच्या एकानं सांगितलं होतं, "हे तिकडचं दिसतंय, सिम काढून टाका." आणि एका मोबाईल दुकानात सांगितलं, "फॉरमॅट मारावा लागेल, चारशे रुपये."

आधी त्या 'तिकडच्या'बद्दल. खिशातली कुठलीही नोट काढा आणि मागची बाजू बघा. भाषांची जी पट्टी आहे त्यात पंधरा भाषा आहेत, मराठी आहे आणि उर्दूही आहे. आपल्याच तालुक्यात उर्दू शाळा आहे. फोनमध्ये उर्दू दिसली म्हणजे कुणी घुसलं असं नाही, फोनमध्ये ती मराठीशेजारीच बसलेली असते. असो. कट्ट्याला हे सांगून उपयोग नाही, पण इथं लिहून ठेवतो.

खरी भीती मला त्या फॉरमॅटची वाटली. काका जाऊन दीड वर्ष झालं. त्यांनी पाठवलेले आवाजी मेसेज काकूंच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आहेत आणि बॅकअप कधीच सुरू केलेला नव्हता. भाषा बदलायला म्हणून फोन कोरा केला असता तर भाषा मराठी आली असती, काकांचा आवाज गेला असता. काकूंनी पैसे नव्हते म्हणून "उद्या येते" म्हटलं, एवढ्यावर ते वाचलं.

मला उर्दू वाचता येत नाही. तरी म्हटलं, सेटिंग्जचं दातेरी चाक तर सगळ्या भाषांत सारखंच असतं. वरून बोट दोनदा खाली ओढलं. त्यांच्या फोनमध्ये ते चाक खाली उजव्या कोपऱ्यात असतं, हे मला पाठ होतं, कारण माझाही तसलाच फोन. तिथं काहीच नाही! मिनिटभर मीही गोंधळलो. मग लक्षात आलं, उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, तर फोननंही अख्खा पडदा आरशात पाहिल्यासारखा उलटा केलाय. उजवीकडचं सगळं डावीकडे गेलंय. चाक खाली डाव्या कोपऱ्यात, पॉवरच्या चिन्हाशेजारी निवांत बसलं होतं. मागे जायचा बाणसुद्धा उजवीकडे तोंड करून. अरबी झाला तरी असंच होईल. कन्नड, तेलुगू किंवा चिनी झाला तर मात्र उलटापालट होत नाही, चाक नेहमीच्या जागी सापडतं.

चाक दाबल्यावर ओळींची लांबलचक यादी येते. इथं माझा स्वतःचा मराठीतला फोन बाजूला उघडून ठेवला. भाषा बदलली तरी या यादीतल्या ओळींचा क्रम बदलत नाही, त्यामुळे त्याच मॉडेलचा फोन कुणाकडे असेल तर ओळी मोजत जायचं, वाचायची गरजच नाही. आमच्या फोनमध्ये यादीच्या जवळजवळ तळाशी गोलात i असं चिन्ह असलेली 'सिस्टम' ही ओळ आहे. तिच्याखालीच फोनच्या चित्रात i असलेली दुसरी ओळ असते, ती फोनची माहिती. मी पहिल्यांदा तीच दाबली, नुसते आकडे आले, मागे फिरलो. सिस्टममध्ये गेल्यावर पहिल्याच ओळीत पृथ्वीगोलाचं चिन्ह, ते भाषांचं.

आणि याच सिस्टमच्या पानावर, भाषेच्या काही ओळी खाली, रीसेटची ओळ आहे. म्हणजे फोन वाचवायची आणि पुसायची अशा दोन्ही वाटा एकाच अंगणातून जातात. न वाचता बोटं फिरवणाऱ्या माणसाची मला काळजी वाटते ती इथं. खूण एकच लक्षात ठेवा: भाषा बदलायला फोन पिन मागत नाही. स्क्रीनलॉक असलेल्या फोनवर मध्येच पिन मागणारा पडदा आला तर तुम्ही चुकीच्या दारात आहात. पिन न टाकता मागे फिरा, तोवर काही पुसलं जात नाही.

गोलाच्या आत पुन्हा पहिलीच ओळ दाबली आणि बरोबर जागी आलो हे कळायला वाचावं लागलं नाही. सेटिंग्जमधली बाकीची पानं सगळी एकाच लिपीत, हे पान तेवढं वेगळं. कारण इथं प्रत्येक भाषा आपलं नाव आपल्याच लिपीत लिहिते, अगदी त्या नोटेवरच्या पट्टीसारखं. वर उर्दूतलं नाव, खाली English, त्याखाली चक्क 'मराठी'. काकू ओरडल्याच, "हे बघ, मराठी!" ओळीच्या टोकाला आडव्या रेघांची मूठ असते (उलट्या पडद्यात ती डावीकडे), ती दाबून धरली आणि मराठी ओढून सगळ्यात वर नेली. यादीत मराठी नसतीच, तर खालच्या अधिकच्या चिन्हावरून ती शोधून आणावी लागली असती. बोट सोडलं आणि पडदा गर्रकन सुलटा झाला, सगळी अक्षरं आपली. काही नव्या फोनमध्ये आधी 'बदलू का' अशी दोन बटणांची चौकट येते, तेव्हा होकार द्यायचा.

प्रत्येक कंपनीचं घर वेगळं असतं हेही सांगतो. सॅमसंगमध्ये चाक वरच्या कोपऱ्यात, आणि भाषा सिस्टममध्ये नाही तर आडव्या सरकपट्ट्यांचं चिन्ह असलेल्या ओळीत पहिलीच. रीसेट तिथंही त्याच पानावर, तळाशी आहे. शाओमीत भाषा बहुधा तीन टिंबांच्या ओळीत मिळते. चिन्हं कंपनीनुसार बदलतात, पण अनेक लिप्यांचं ते पान मात्र सगळीकडे ओळखू येतं.

आता दुकानाबद्दल. नाव घेत नाही, कदाचित त्या पोराला खरंच माहीत नसेल. पण जे काम दोन मिनिटांचं आहे त्याला 'फॉरमॅट' सांगणं आणि आत काय आहे हे विचारणंसुद्धा नाही, याचा राग आला. गावात डिजिटल साक्षरतेचं शिबिर झालं होतं, काकू गेल्या होत्या. क्यूआर कोड कसा स्कॅन करायचा हे तीनदा शिकवलं. भाषेचं पान कुणी उघडून दाखवलं नाही. पुढचं शिबिर घेणाऱ्यांनी एवढं केलं तरी चालेल: प्रत्येकाचा फोन परक्या लिपीत टाकायचा आणि परत आणायला लावायचं.

मी काकूंबरोबर तेच केलं. आधी व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप सुरू केला, तो पूर्ण होईपर्यंत चहा झाला. मग नातवाला बोलावलं, म्हटलं, "कर रे पुन्हा उर्दू." त्यानं घाबरत घाबरत केला. काकूंनी चाक उजवीकडे शोधलं, सापडेना, मग स्वतःशीच म्हणाल्या, "अगं, उलटं नाही का." पहिल्या वेळी त्या रीसेटच्या ओळीवर गेल्या आणि मी हात धरला. दुसऱ्या वेळी मी फक्त बघत होतो. तिसऱ्या वेळी नातू तेलुगू करून बसला होता, आणि काकूंनी तोही परत आणला.