साडेसहा म्हणजे कुठले साडेसहा?

मराठी संकेतस्थळांची पाने बांधणे हे माझे रोजचे काम. अक्षर जाड, तिरके, रंगीत करायला CSS आहे. एचटीएमएलमधल्या `time`, `cite`, `mark`, `abbr` या खुणा मात्र शब्द कसा दिसावा यापेक्षा तो काय आहे हे सांगतात. त्यांत मला सर्वांत मोलाची वाटते `time`, आणि तिने तर पानावर काहीच बदलत नाही.

२०२४ साली लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते. त्या संध्याकाळच्या एखाद्या कार्यक्रमाची वेळ अशी लिहायची:

```html
<time datetime="2024-11-01T18:30+05:30">
शुक्रवार, १ नोव्हेंबर, सायंकाळी साडेसहा</time>
```

वाचकाला फक्त मराठी ओळ दिसते. `datetime` मधला मजकूर यंत्रासाठी असतो. शेवटचे `+05:30` गाळले, तर साडेसहा कुठले हे कळायला मार्ग उरत नाही. ते असेल, तर लंडनमधल्या वाचकाला त्याच्या घड्याळात दुपारचा एक दाखवणारी सोय पानात करता येते. ती सोय आपण लिहायची. ब्राउझर आपणहून काही करत नाही.

मराठीत `datetime` गाळून चालतच नाही. ते नसेल तर खुणेच्या आतला मजकूरच यंत्राच्या साच्यातला असावा लागतो, आणि त्या साच्यात देवनागरी अंक बसत नाहीत. नुसते ‘१ नोव्हेंबर’ लिहिलेली खूण पडद्यावर ठीक दिसते. पान तपासनीस प्रणालीत टाकले की चूक निघते. तिथीचीही अडचण आहे. साचा फक्त ग्रेगोरियन कालगणनेचा असल्याने ‘आश्विन अमावास्या’ वाचकासाठी आत लिहायची आणि तारीख `datetime` मध्ये द्यायची. ‘१६३० च्या सुमारास’ यातला ‘सुमारास’ मात्र सांगताच येत नाही. तिथे मी ही खूण वापरत नाही.

`cite` कलाकृतीच्या नावासाठी आहे. ‘कोसला’ तिच्यात बसते, भालचंद्र नेमाडे नाहीत. ब्राउझर ते नाव तिरके करतो. देवनागरीची अक्षरे अशी ओढून तिरकी केली की वाईट दिसतात, म्हणून मी CSS ने ती सरळ करतो. रूप गेले तरी ‘हे कृतीचे नाव आहे’ ही माहिती जागेवर राहते.

`mark` ची पिवळी पट्टी जोर देण्यासाठी नाही. शोधलेला शब्द दाखवायला, किंवा उद्धृतात मूळ लेखकाने न केलेली खूण आपण केली तर ती वापरावी. पण पडदावाचक सहसा तिचा उच्चार करत नाहीत, त्यामुळे महत्त्वाची गोष्ट केवळ तिच्या भरवशावर सोडू नये. `abbr` चे तसेच. `title` मधले पूर्ण रूप माऊस वर नेला तरच दिसते, मोबाइलवर बोट ठेवून ते मिळत नाही. ‘मसाप’ पहिल्यांदा येते तिथे मी ‘महाराष्ट्र साहित्य परिषद’ मजकुरातच लिहितो.