एकच समीकरण, दोन प्रश्न

संपादकांनी बजावलं होतं, "आकडेमोड नको." पण नुकताच एक प्रबंध तपासायला आला आणि जुनाच घोळ पुन्हा समोर दिसला, म्हणून थोडी आकडेमोड करावीच लागणार. अर्भकमृत्यूचा अंदाज बांधणारं ते रिग्रेशन मॉडेल होतं आणि अंदाज उत्तम येत होता. पुढच्या पानावर मात्र प्रत्येक घटकाचा सहगुणक हा त्या घटकाचा 'परिणाम' म्हणून वाचला होता.

असं वाचल्याने काय होतं, ते 1971 सालीच दिसलं. जेकब येरुशाल्मी या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांना आढळलं, की अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांमध्ये धूम्रपान करणाऱ्या मातांची बाळं तुलनेने कमी दगावतात. मग कमी वजनाच्या बाळाला आईचं धूम्रपान तारतं की काय, यावर वर्षानुवर्षं वाद चालला.

2006 साली सोनिया एर्नांदेस-दीआस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 1991 च्या जन्मांच्या नोंदी घेऊन गुंता सोडवला. धूम्रपान करणाऱ्या मातांच्या बाळांचा मृत्युदर इतरांच्या 1.55 पट होता. समीकरणात जन्मवजन घालताच तो 1.05 पटीवर आला आणि फक्त कमी वजनाची बाळं घेतली, तर 0.79 पटीवर.

यामागे दोन कारणं आहेत. धूम्रपानाने वजन घटतं. वजन स्थिर धरलं, की त्या वाटेने होणारी हानी हिशेबातून निघून जाते. दुसरं कारण जास्त फसवं आहे. वजन जन्मजात व्यंगानेही घटतं. आई धूम्रपान करत नसताना बाळ हलकं जन्मलं, तर त्यामागे असं एखादं जास्त घातक कारण असण्याची शक्यता वाढते. म्हणजे तुलना धूम्रपान आणि निरोगीपणा यांची राहतच नाही. ती धूम्रपान आणि व्यंग यांची होते.

कुठल्या बाळावर जास्त लक्ष ठेवायचं, हे डॉक्टरांना ठरवायचं असेल, तर जन्मवजन मॉडेलमध्ये हवंच. तिथे धूम्रपानाचा सहगुणक ऋण आला तरी बिघडत नाही. गरोदर बाईला सल्ला द्यायचा असेल, तर तेच वजन वगळायला हवं. आईचं वय, शिक्षण, गरिबी असे धूम्रपानाच्या आधीचे घटक मात्र ठेवायचे. त्यातलाही एखादा महत्त्वाचा घटक मोजलेलाच नसेल, तर उत्तर कच्चंच राहतं.

"सगळे घटक घाला, मॉडेल आपोआप शुद्ध होतं" या समजुतीशी भांडून मी थकलो आहे. अंदाज अचूक आला, एवढ्याने कारण सिद्ध होत नाही. कोणता घटक आधीचा आणि कोणता नंतरचा, हे विषय जाणणाऱ्या माणसानेच सांगायचं असतं. संगणकाला ते आकड्यांतून कळत नाही.

म्हणून संशोधकांना विनंती आहे: तक्त्याच्या माथ्यावर आपला प्रश्न लिहा. कारण शोधत असाल, तर ज्या एका घटकासाठी मॉडेल रचलं, त्याचाच सहगुणक परिणाम म्हणून मांडा. आणि अंदाजच बांधायचा असेल, तर 'परिणाम' हा शब्द वापरू नका.