पऱ्हाटीचा हट्टी कोळसा

मातीत पडलेला काडीकचरा पहिल्या पावसाळ्यातच कुजायला लागतो. हा लागत नाही. चिमटीत धरला तर वजन जाणवत नाही, दगडावर टाकला तर किणकिण वाजतो आणि मोडून पाहिला तर आत पऱ्हाटीच्या बारीक नळ्या जशाच्या तशा दिसतात. याचं कागदोपत्री नाव बायोचार. कूळ कोळशाचंच, पण चुलीत जाणं याच्या नशिबात नाही. याला मातीत पुरायचं असतं.

जन्म मात्र आगीतलाच. कापूस संपला की विदर्भात पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर ढीग लावतात आणि काडी ओढतात. ढिगाला चहूबाजूंनी हवा मिळते आणि उरते ती मूठभर राख. कोळसा हवा असेल तर शंकूच्या आकाराचा खड्डा घ्यायचा, तळाशी थोडी वाळलेली पऱ्हाटी रचायची आणि आग वरून लावायची. वरची ज्वाळा येणारी हवा खाऊन टाकते, खालच्या थराला ती मिळतच नाही. काड्यांवर राखेची पांढुरकी साय दिसू लागली की पुढचा थर टाकायचा. खड्डा भरला की भरपूर पाणी ओतायचं. पाण्यात कंजुषी केली तर आत धुमसत राहिलेला निखारा रातोरात सगळ्याची राख करतो. पऱ्हाटी ओली असेल तर पांढरा धूर निघतो आणि त्यातून मिथेन जातो. मग हवामानाच्या हिशेबात कमावलेलं तिथेच घटतं.

पक्का कोळसा हाताला लागला तर नुसत्या पाण्याने निघतो. साबण लागत असेल तर आत डांबर उरलंय, म्हणजे आच कमी पडली.

आता हिशेब. एकरात एक टन वाळलेली पऱ्हाटी निघाली असं धरू. तिच्यात कार्बन साधारण ४५० किलो. खड्ड्यातून कोळसा मिळतो अडीचशे किलोच्या आसपास, त्यात कार्बन १९० किलो. म्हणजे निम्म्याहून जास्त कार्बन जन्मावेळीच हवेत गेला. हे सांगायला विक्रेते सहसा विसरतात.

उरलेला किती टिकतो, ते आचेवर ठरतं. तापमान वाढतं तसा हायड्रोजन निघून जातो आणि कार्बनची एकमेकांत गुंतलेली कडी तयार होतात. जिवाणूंना ती फोडणं जड जातं. आयपीसीसीच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेनुसार ४५० ते ६०० अंशांत भाजलेल्या बायोचारमधला सुमारे ८० टक्के कार्बन शंभर वर्षांनंतरही शिल्लक राहतो. ६०० च्या वर ८९ टक्के, ४५० च्या खाली ६५. आपण ८० धरू. १९० पैकी दीडशे किलो. कार्बन डायऑक्साइडमध्ये मोजलं तर सुमारे ५५० किलो, म्हणजे साधारण २४० लिटर पेट्रोल जाळल्यावर निघतो तेवढा. एका एकराची ही कमाई लहान आहे, पण टिकाऊ आहे. शेणखतातला बराचसा कार्बन आपल्या उन्हात काही वर्षांतच उडून जातो.

आणखी जुना पुरावा अॅमेझॉनच्या खोऱ्यात आहे. तिथल्या ‘तेरा प्रेता’ या काळ्या मातीत माणसांनी टाकलेला कोळसा हजार-दोन हजार वर्षांनंतरही सापडतो. मात्र त्या मातीत हाडं, राख आणि खरकटंही होतं. तिच्या सुपीकतेचं सगळं श्रेय एकट्या कोळशाला देणं चूक.

स्वभावाने हा उदार नाही. कोरडा, नुसताच शेतात टाकला तर आधी पिकाचा नत्र स्वतःच धरून बसतो. म्हणून त्याला गोमूत्रात किंवा शेणकाल्यात भिजवून, कंपोस्टात मुरवून मगच टाकावं. आम्लधर्मी जमिनीत तो पीक वाढवतो, कारण त्याची राख आम्लता मारते. आपली काळी कपाशीची जमीन मुळातच अल्कधर्मी. तिथे उत्पन्न वाढेल या आशेवर तो टाकू नये. जास्त झाला तर जस्त-लोहाची कमतरता वाढू शकते. आणि जिवाणूंचं पोट तो भरत नाही, तेव्हा शेणखत बंद करून चालणार नाही.

एक अडचण मोजणीची. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब बहुधा वॉकली-ब्लॅक पद्धतीने काढतात. त्यातलं रसायन कोळशातला कार्बन पूर्ण फोडू शकत नाही, त्यामुळे अहवालात तो खऱ्यापेक्षा कमी दिसतो. तेव्हा टाकण्याआधीच वजन करा आणि वहीत गट नंबर, तारखेसकट लिहून ठेवा. विझवलेल्या कोळशात निम्मं वजन पाण्याचंही असू शकतं, म्हणून आधी वाळवा.