राहिले आणि रायले

गेल्या दिवाळीला माझी भाची पुण्याहून कोरपन्याला आली, तीच मुळी गप्प गप्प. एका कचेरीत हिशेबाच्या कामावर लागून तिला चार महिने झाले होते. फराळाचे ताट पुढे ठेवले तरी हात चालेना. शेवटी म्हणाली, "मामा, तवापासून मी मिटिंगमध्ये तोंडच नाई उघडलं."

झाले होते ते असे. सोमवारच्या बैठकीत साहेबांनी विचारले, "बिलांच्या तपासणीचे काय?" ही उत्तरली, "होऊन रायली." आपल्याकडे त्याचा अर्थ एकच, काम चालू आहे. साहेबांच्या कानी मात्र पडले ते 'राहिली', म्हणजे करायचीच राहून गेली! त्यांनी ते काम तिथल्या तिथे दुसऱ्याकडे सोपवले. त्यावर कुणी तरी हसले. हिला वाटले, आपले उच्चारच गावंढळ. सहा महिन्यांनी नोकरी कायम व्हायची होती, आणि 'बोलत नाही' असा शेरा तोंडी कानावर येऊ लागला होता.

आमचा हा मुलूख 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. शेजारी तेलुगू, घरात वऱ्हाडी. बोलण्याला वळण लागायचेच. पण मी तिला म्हटले, तुझ्या वाक्याची जरा चिरफाड करू या. तू 'पाणी'ला 'पानी' म्हणालीस, 'मला'ऐवजी 'मले' म्हणालीस, तर ऐकणारा फार तर हसेल. अर्थ चुकणार नाही. 'होऊन रायली' हे मात्र तसे नाही. तिथे ऐकणाऱ्याला उलटाच अर्थ लागतो. तेव्हा बदलायचे ते एवढेच, बाकी बोली राहू दे.

आम्ही ओसरीवर वाक्य बांधले : "तपासणी चालू आहे. एकशेचाळीसपैकी एकशेदहा बिले झाली, तीस गुरुवारी होतील." आधी स्थिती, मग आकडा, मग वार. आकडा सांगितला की कानांना चुकायला जागा उरत नाही. आणि साहेबांनी पुढचा विषय काढण्याआधी, आपले नाव येताच बोलायचे. मनात वाक्य घोळवत बसले की पाळी निघून जाते.

पंधरवड्याने तिचा फोन आला. बैठकीत ती बोलली. 'तपासणी'तला 'ण' निसटून 'न' झालाच, आणि एकजण हसलाही. साहेबांनी मात्र वहीत 'गुरुवार' लिहून घेतले. हसणारे हसतच राहतील, त्यावर माझ्याकडे औषध नाही. पण त्या दिवशी काम तिच्याच हाती राहिले.

फोन ठेवल्यावर मला माझी लाल पेन्सिल आठवली. लहानपणी या पोरीची वही तपासताना मी प्रत्येक 'पानी'वर वर्तुळ काढले. 'होऊन रायली'चा अर्थ परगावी उलटा लागतो, हे मात्र एकदाही सांगितले नाही. ती गप्प झाली, त्यात त्या वर्तुळांचाही वाटा असणार. आता शाळेत मी पेन्सिल जरा उशिरा उचलतो.