शेवटचा घास केव्हा?

बाबांच्या हर्नियाची शस्त्रक्रिया सकाळी आठला ठरली होती. मधुमेहामुळे त्यांचे नाव यादीत पहिले होते. केसपेपरवर नेहमीची नोंद झाली : 'रात्री १२ पासून एनबीएम', म्हणजे तोंडाने काही घ्यायचे नाही. पण बाबांचा चौविहार. शेवटचा घास आणि शेवटचे पाणी त्यांनी सूर्यास्तापूर्वी, सहा वाजताच घेतले होते. हे आम्ही कोणाला सांगितले नाही. रात्रीचे इन्सुलिन नेहमीइतकेच दिले गेले.

सकाळी तातडीचा रुग्ण आला आणि आमची पाळी लांबली. अकरा वाजता बाबांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. साखर ५४ भरली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ते सावरले. कागदावर उपास अकरा तासांचा होता. देहाने सतरा तास सोसले होते.

भूलतज्ज्ञांनी मग समजावले : हलक्या आहारानंतर सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास साधारणतः पुरतात, जठर मंद असेल तर अधिक लागतात. म्हणून घासाची आणि पाण्याची खरी वेळ वेगवेगळी लिहवून घ्यावी. चौविहार आधीच सांगावा, म्हणजे इन्सुलिनची मात्रा आणि सलाईन डॉक्टरांना ठरवता येते. पाळी लांबली, तर साखर पुन्हा तपासण्यास सांगावे.

रोजमेळात एका पैशाची चूक न खपवणाऱ्या आम्ही ती एक नोंद मात्र न तपासता सोडली होती.